गच्चीवरची काळी टाकी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातील आमच्या गच्चीवर आधी १००० लिटरची पिवळी टाकी होती. पाचव्या उन्हाळ्यात प्लंबरने झाकण काढताना तिच्या खांद्यावर गुडघा टेकवला आणि तेथून चारी बाजूंना तडे गेले. पाण्याने भरलेला खालचा भाग मात्र शाबूत होता. गरम हवेने प्लास्टिक वितळवून तडे सांधून पाहिले, पण पंधरवड्यात सांध्याच्या शेजारीच नवी चीर पडली.

नवी टाकी घेण्यापूर्वी यामागचे कारण समजून घेतले. या टाक्या पॉलिथिलीनच्या असतात. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात, आणि साखळ्या आखूड झाल्या की वाकण्याची ताकद जाऊन पृष्ठभाग ठिसूळ होतो. अशा झिजलेल्या प्लास्टिकवर सांधा धरत नाही तो यामुळेच. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते. खालच्या भागाची उष्णता पाणी शोषून घेते, तर खांद्याच्या आत पोकळी असते आणि माथ्यावर दुपारचे थेट ऊन, म्हणून टाकी वरूनच आधी जाते.

रंगावरून अंदाज बांधण्याची चूक मी केली होती. उन्हातला पांढरा पीव्हीसी पाइप पिवळा पडतो, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघून गेल्यावर उरणारे सलग दुहेरी बंध निळा प्रकाश शोषतात. पॉलिथिलीन मात्र फारसे न पिवळता ठिसूळ होऊ शकते. आमच्या टाकीचा रंग थोडा विटला होता, एवढेच. खरी खूण बोटाला लागणारी पांढरट भुकटी आणि तिरप्या उजेडात दिसणाऱ्या केसासारख्या रेषा ही होती, आणि त्या दोन्हींकडे मी वर्षभर दुर्लक्ष केले.

या वेळी आयएस १२७०१ मानकाचा शिक्का पाहून काळी टाकी घेतली. तिच्यातील कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी, अतिनील किरण पृष्ठभागावरच शोषून घेते. साधारण अडीच टक्के प्रमाण पुरते, मात्र ती प्लास्टिकबरोबर वितळवून एकजीव केलेली असावी लागते. पावडरीत नुसती कोरडी मिसळली तर गुठळ्या राहतात आणि भिंत कमजोर होते. दुकानात मी टाकीच्या आतून पांढरे फडके घासून पाहिले. एका टाकीत ते काळे झाले, ती सोडून दुसरी घेतली.

चौदा महिन्यांनंतर खांद्यावर भुकटी नाही, रेषाही नाहीत, आणि प्रकाश आत शिरत नसल्यामुळे शेवाळही धरलेले नाही. जुनी टाकीही पहिली दोन वर्षे अशीच दिसत होती, त्यामुळे आयुष्याबद्दल आज काही म्हणणे घाईचे होईल. मे महिन्यात दुपारी नळाला चटका बसेल इतके गरम पाणी येते, ही खरी गैरसोय आहे. ती नको असल्यास बाहेरून पांढरा आणि मध्ये काळा थर असलेली टाकी पाहावी, मात्र त्या पांढऱ्या थरात अतिनील संरक्षक घटक आहे की नाही, हे बिलावर लिहून घ्यावे. झाकण बहुधा वेगळ्या साच्यातून काढलेले असते, म्हणून तेही तपासावे. आमच्या झाकणाच्या कडेला आताच हलकी भुकटी लागते.