खोकी आणि पाउच एकाच ग्रिपरने उचलायचे, तर कप कोणता, पंप कोणता?

बहुतेक जण आधी पंप निवडतात, आणि पंपाच्या कॅटलॉगात पहिल्यांदा पाहतात ते "जास्तीत जास्त व्हॅक्यूम". ८५ किलोपास्कलवाला ७०वाल्यापेक्षा भारी वाटतो. काच किंवा पत्रा उचलायचा असेल तर हे चालून जातं. कोरुगेटेड खोक्यावर मात्र तो आकडा कधीच दिसत नाही, कारण कागदातूनच हवा आत येत राहते. मीही एकदा असाच फसलो होतो. रिकाम्या टेबलावर गेजचा काटा ८० च्या वर जायचा, खोक्यावर कप टेकवला की २२ वर अडकायचा, आणि हात आडवा फिरला की खोका कोपऱ्यातून निसटायचा.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करू: किती जोर हवा, किती गळतं, आणि ती गळती कोण भरून काढेल. (व्हॅक्यूमचे आकडे बाहेरच्या हवेच्या दाबाखाली किती, या हिशेबाने धरले आहेत.)

जोराचा हिशेब

धरा, ६ किलोचा खोका वरून उचलून आडवा न्यायचा आहे, प्रवेग ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. आडवं नेताना खोका कपाखालून घसरू नये म्हणून घर्षण धरावं लागतं. कोरड्या पुठ्ठ्याला ०.५ ठीक आहे. S हा सुरक्षिततेचा गुणक, तो २ धरला आहे.

```
F = m × (g + a/μ) × S
F = 6 × (9.81 + 5/0.5) × 2 ≈ 238 N
```

५० मिमीच्या चार कपांचं क्षेत्रफळ मिळून साधारण ७८.५ चौ. सेमी होतं. २३८ न्यूटनला तेवढ्यावर ३० किलोपास्कलच्या किंचित वर पुरतात. म्हणजे ८० ची गरजच नव्हती. ३० ते ३५ हवेत, पण ते कागद गळत असताना टिकले पाहिजेत. (घड्यांचा बेलोज कप दाबला गेला की त्याचं कामाचं क्षेत्र नुसत्या व्यासावरून काढलेल्यापेक्षा कमी भरतं, म्हणून शेवटी कपाच्या तक्त्यातला ओढीचा आकडा बघून घ्या.)

गळती मोजायची कशी

यासाठी एक साधी चाचणी पुरते. हाताशी असलेल्या कुठल्याही इजेक्टरला, म्हणजे दाबाच्या हवेवर व्हॅक्यूम तयार करणाऱ्या पंपाला, आपला एकच कप लावा, खरा खोका घ्या, टेपच्या शिवणीपासून लांब कप टेकवा आणि कपाजवळच्या गेजवर काटा कुठे थांबतो ते पाहा. समजा ३५ वर थांबला. आता त्या इजेक्टरच्या तक्त्यात ३५ किलोपास्कलला तो किती हवा ओढतो ते वाचा. समजा १८ लिटर प्रति मिनिट. काटा स्थिर आहे, म्हणजे जेवढी हवा कागदातून आत येते तेवढीच इजेक्टर बाहेर काढतो आहे. तुमची गळती तेवढीच. चार कपांना ७२, आणि दमट किंवा पुन्हा वापरलेल्या खोक्यांसाठी दीडपट धरली तर ११० च्या आसपास.

आता पंप शोधताना विचारायचा प्रश्न बदलतो: "३५ किलोपास्कलला ११० लिटर ओढतोस का?" तक्त्याच्या वर ठळक छापलेला फ्लो शून्य व्हॅक्यूमचा असतो. तो १२० दिसला म्हणून खूश होऊ नका, ३५ ला तोच पंप त्याच्या बराच खाली आलेला असतो.

तीन पंप समोरासमोर

इजेक्टर छोटा आणि हलका असतो, कपाला चिकटून बसतो, पटकन पकडतो आणि पटकन सोडतो. कॉम्प्रेसर आधीपासून असेल तर मी इथूनच सुरुवात करतो. पुठ्ठ्यासाठी मल्टिस्टेज घ्यावा, कारण कमी व्हॅक्यूमला तो त्याच दाबाच्या हवेत जास्त ओढतो. फसवणूक होते ती "एअर सेव्हिंग"मध्ये. ठरावीक व्हॅक्यूम गाठला की तो दाबाची हवा बंद करतो. खोक्यावर तो गाठलाच जात नाही, किंवा गाठून लगेच पडतो, आणि व्हॉल्व्ह टकटकत बसतो. त्या बचतीच्या भरवशावर हिशेब करू नका.

व्हेन पंप व्हॅक्यूमही चांगला देतो आणि फ्लोही. ग्रिपर दिवसभर चालणार असेल तर वीज वापरून तो इजेक्टरपेक्षा स्वस्त पडतो. पण त्याच्या पात्या कार्बनच्या असतात आणि पुठ्ठ्याचा भुसा त्यांना खातो. समोर फिल्टर लावून तो वेळच्या वेळी साफ करायला माणूस नसेल तर हा पर्याय सोडा.

ब्लोअर व्हॅक्यूम फारसा देत नाही, २० ते ३० किलोपास्कल, पण हवा भरपूर ओढतो. एखादा कप हवेतच राहिला तरी बाकीचे पकड सोडत नाहीत. वरच्याच खोक्याला २५ किलोपास्कल धरले तर ६० मिमीचे चार कप २८० न्यूटनच्या वर जातात, म्हणजे जमतं. किंमत मोजावी लागते ती नळीत. नळी जाड हवी, नाहीतर सगळा फ्लो वाटेतच संपतो. शिवाय सगळे कप घट्ट बसून वाट बंद झाली की तो तापतो. रिलीफ व्हॉल्व्ह विसरू नका.

६ किलोच्या आणि एकाच मापाच्या खोक्यांना मी मल्टिस्टेज इजेक्टर घेईन. मापं बदलती असतील, दोन कप नेहमी उघडे राहणार असतील तर ब्लोअर. "उघड्या कपासाठी चेक व्हॉल्व्ह लावू" ही युक्ती पुठ्ठ्यावर उलटते: जास्त फ्लो दिसला की बंद होणारा व्हॉल्व्ह कागदाच्या गळतीनेही बंद होतो, आणि धरलेला कपही मेला.

पाउचचं गणित वेगळं

अर्ध्या किलोच्या पाउचला जोर फार लागत नाही, पण तो सुरकुततो, मधोमध लोंबतो आणि कपाच्या कडेवरून सोलला जातो. खोक्याचा दीड घडीचा, कडक कडेचा पॉलियुरेथेन कप इथे कामाचा नाही. पाउचला मऊ सिलिकॉन, पातळ ओठ आणि जास्त घड्या असलेला कप लागतो; आत आधाराच्या पट्ट्या असाव्यात. नाहीतर फिल्म आत ओढली जाऊन भोक बुजवते. मग गेज छान ६० दाखवतो आणि पाउच पडतो, कारण धरून ठेवणारं क्षेत्र फक्त भोकाएवढं उरलेलं असतं. असं झालं की व्हॅक्यूम वाढवू नका, कमी करा. तोच सिलिकॉन खोक्याला मात्र लावू नये, पुठ्ठ्याच्या कडेवर तो लवकर फाटतो.

दोन्ही उचलायचे असतील तर एक कप दोघांना, हा मोह टाळा. बाहेर चार ५० मिमीचे पॉलियुरेथेन, मध्ये दोन ३५ मिमीचे मऊ सिलिकॉन, आणि मधले बाहेरच्यांपेक्षा १५ ते २० मिमी खाली. पाउचला फक्त मधले टेकतात, खोक्याला ते दाबले जाऊन वर जातात. दोन्ही गटांना वेगळा इजेक्टर आणि वेगळा व्हॉल्व्ह द्या. सोडतानाची फुंकर पाउचच्या बाजूला हलकी ठेवा. खोक्यासाठी लावलेल्या फुंकरीने पाउच जागेवर बसत नाही, उडतो.

तरीही पडत असेल तर

दोन गेज लावा, एक पंपाजवळ आणि एक कपाजवळ. पंपाजवळ ४५ आणि कपाजवळ २५ असेल तर पंप निर्दोष आहे, नळी बारीक किंवा फिल्टर तुंबलेला आहे. दोन्हीकडे २५ असेल तर गळती पंपाच्या कुवतीबाहेर आहे, किंवा एखादा कप खोक्याच्या मधल्या फटीवर बसतो आहे. ते खोक्यावर उमटलेल्या कपाच्या गोल खुणा बघून लगेच कळतं.