शेवटच्या खुड्याला व्यापारी पळाला, त्यामागचं गणित

निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात एका परप्रांतीय व्यापाऱ्यानं आमचे ४ लाख ४८ हजार रुपये बुडवले.

पहिला खुडा २० क्विंटलचा, भाव ३० रुपये किलो. काट्यावरच उपड्या कॅरेटवर बसून त्यानं ६० हजार मोजले आणि वडिलांना म्हणाला, "दादा, एकदा मोजून घ्या." दुसऱ्या खुड्याचे ७५ हजारही तसेच रोख दिले. मग उरलेल्या १४० क्विंटलला बाजारापेक्षा दोन रुपये जास्त भाव लावला, "आठ दिवसांत पैसे" म्हणाला आणि एका दिवसात बाग रिकामी केली. नवव्या दिवशी फोन बंद, भाड्याच्या गाळ्याला कुलूप.

माझी पुतणी अर्थशास्त्र शिकते. तिनं मला 'कैद्यांचा पेच' हा दोघांमधल्या विश्वासाचा खेळ समजावून सांगितला. सौदा एकदाच व्हायचा असेल, तर समोरचा कसाही वागो, शब्द मोडणाऱ्याच्या पदरात जास्तच पडतं. तोच खेळ पुन्हा पुन्हा होणार असला, की उद्याच्या धाकानं माणूस सरळ वागतो. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर अशा खेळाची स्पर्धा घेतली होती. तिच्यात 'जशास तसे' हा साधा डाव जिंकला: सुरुवात भरवशानं करायची, मग समोरचा मागच्या वेळी जसा वागला तसं आपण वागायचं.

मीही नेमकं तेच केलं होतं. दोनदा तो नीट वागला, म्हणून तिसऱ्यांदा मी विश्वास टाकला. पण 'जशास तसे'चा बडगा पुढच्या फेरीत बसतो, आणि बाग रिकामी झाल्यावर पुढची फेरी होती कुठे? किलोमागे त्याला तीन रुपये सुटतात असं धरलं, तर आमच्या १८५ क्विंटलवर हंगामाला साधारण ५५ हजार. म्हणजे आठ वर्षं इमानानं येऊन जे मिळालं असतं, ते त्याला एका रात्रीत मिळालं. मी मागचे रोख व्यवहार बघत राहिलो. बघायला हवं होतं ते हे, की पळून गेल्यावर त्याचं काय बुडणार आहे. बाजार समितीचा परवाना नाही, गावात ओळख नाही. दुसऱ्या तालुक्यात नवं नाव घेऊन तो पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात करू शकतो. आजूबाजूच्या गावांनी असल्या माणसांची माहिती एकमेकांना कळवली, तरच त्याला मागचं काही आडवं येईल.

यंदा १४० क्विंटलचे सात पिकअप केले. एका गाडीचे ६४ हजार खात्यात आल्याशिवाय दुसरी भरायची नाही, आणि शेवटच्या गाडीचे पैसे खुड्याआधी. नवा व्यापारी कुरकुरला, "आणि तुम्हीच माल दिला नाहीत तर?" वडील म्हणाले, "आम्ही कुठं पळणार? बाग इथंच आहे." आदल्या संध्याकाळी त्यानं पैसे पाठवले.