गजकर्णाचा फोटो आणि शाळेला चिठ्ठी: तीनपैकी कोणती पाठवावी?

पावसाळ्यात शाळेतून असा फोन येतो: मुलीच्या हातावर गोल लाल चट्टा दिसतोय, फोटो पाठवा आणि उद्या पाठवायचं की नाही ते कळवा. पालक फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर टाकतात, आणि मग तो फोटोच निर्णय घेऊ लागतो. चट्टा दिसतोय तोवर मूल घरी, असा हिशोब सुरू होतो. गजकर्णाच्या बाबतीत हा हिशोब चुकतो, कारण संसर्गाचा धोका आणि चट्ट्याचं दिसणं एकाच वेगाने कमी होत नाही. मलम नियमित लागलं की दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता काही दिवसांत बरीच उतरते. लाली, खपल्या आणि मागे राहणारा तपकिरी डाग मात्र कित्येक आठवडे टिकतो. सावळ्या त्वचेवर तो जास्तच टिकतो.

म्हणून चिठ्ठीत फोटोपेक्षा उपचार सुरू झाल्याची तारीख महत्त्वाची. एक उदाहरण घेऊ. तिसरीतली मुलगी, डाव्या हातावर कोपराखाली साधारण ३ सेंटिमीटरचा एकच चट्टा. कडा उठावदार, कडेला बारीक खपल्या, मधला भाग तुलनेने साफ. सोमवारी, ७ जुलैला, वर्गात बाईंच्या लक्षात आलं. संध्याकाळी डॉक्टरांनी पाहून गजकर्ण सांगितलं आणि क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा लावायला दिलं. तिच्यासाठी पालक तीन प्रकारच्या चिठ्ठ्या पाठवू शकतात.

पहिली चिठ्ठी फोटोची. "सोबत फोटो पाठवत आहे. साधं गजकर्ण आहे, औषध चालू आहे, काळजी नसावी. कृपया वर्गात बसू द्यावे." लिहायला दोन मिनिटं लागतात आणि बाईंनाही चट्टा कुठला ते लगेच कळतं. पण औषध कोणतं, कधीपासून आणि चट्टा झाकलेला असणार का, यातलं काहीच यात नाही. त्यामुळे बाईंच्या हातात फोटोच उरतो, आणि चार दिवसांनी त्या पुन्हा फोटो मागतात. चौथ्या दिवशीचा फोटो पहिल्या दिवसापेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. कधी मलमाच्या जळजळीने जास्त लालही दिसतो. बाईंना वाटतं, औषध लागू पडत नाही. शिवाय हा फोटो वर्गाच्या ग्रुपवर गेला तर पुढचं वर्षभर त्या मुलीच्या शेजारी कोणी बसेना, असं होऊ शकतं. फोटो पाठवायचाच असेल तर फक्त वर्गशिक्षिकेला, वैयक्तिक.

दुसरी चिठ्ठी डॉक्टरांच्या दाखल्याची. शाळेचा विश्वास सगळ्यात जास्त याच कागदावर असतो, आणि शाळेने स्पष्ट मागितला असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. पण मागताना शब्द नीट वापरावे लागतात. "पूर्ण बरी झाल्याचा दाखला द्या" असं म्हटलं तर डॉक्टर तो आज देऊच शकत नाहीत. अंगावरच्या गजकर्णाला सहसा दोन ते चार आठवडे मलम लागतं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी आठवडा-दोन आठवडे ते चालू ठेवायचं असतं. म्हणजे मुलीचा महिना विनाकारण बुडाला. त्याऐवजी डॉक्टरांना तीन ओळी मागाव्यात: निदान आणि जागा, उपचार सुरू झाल्याची तारीख, आणि चट्टा झाकून शाळेत येण्यास हरकत नाही. नुसतं "फिट" लिहिलेला दाखला कबड्डीच्या सरांना काहीच सांगत नाही.

तिसरी चिठ्ठी पालकांचीच, पण तारखा आणि अटींसह:

"माननीय वर्गशिक्षिका मॅडम, स. न. वि. वि.
माझ्या मुलीच्या (तिसरी ब, हजेरी क्र. १४) डाव्या हातावरचा चट्टा गजकर्ण असल्याचे डॉक्टरांनी सोमवार, ७ जुलै रोजी संध्याकाळी तपासून सांगितले. त्याच रात्रीपासून बुरशीविरोधी मलम दिवसातून दोनदा लावत आहोत. डोक्यात किंवा अंगावर इतरत्र चट्टे नाहीत. ती मंगळवारपासून शाळेत येईल आणि चट्टा पूर्ण बाहीखाली झाकलेला राहील. गुरुवारपर्यंत तिला कबड्डीसारख्या अंगाला अंग लागणाऱ्या खेळात घेऊ नये. शुक्रवारपासून चट्टा झाकून खेळायला हरकत नाही. पोहणे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. सोबतचा फोटो उपचारापूर्वीचा आहे. डाग पूर्ण जायला काही आठवडे लागतील. तो दिसत असला तरी उपचार चालू आहेत."

मंगळवार का चालतो? कारण अंगावरच्या गजकर्णासाठी मुलाला वर्गातून बाहेर ठेवण्याची गरज उपचार सुरू झाले की संपते, असं अनेक देशांचं शालेय आरोग्याचं मार्गदर्शन आहे. लागण होण्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात. म्हणजे बाईंच्या नजरेला पडण्याआधी मुलगी त्याच वर्गात बसत होतीच. आता घरी बसवल्याने मागचा संपर्क पुसला जात नाही. शुक्रवार येतो ७२ तासांच्या हिशोबाने. कुस्तीच्या स्पर्धांच्या नियमांत अंगावरच्या चट्ट्यासाठी किमान ७२ तास औषध झालेलं असावं, अशी अट वापरतात. सोमवारी रात्रीपासून ७२ तास म्हणजे गुरुवारची रात्र. पेठेतल्या तालमीत जाणाऱ्या मुलासाठी हीच ओळ सरांऐवजी वस्तादांना पाठवावी. मातीत किंवा मॅटवर त्वचेला त्वचा घासते, तिथे धोका बाकापेक्षा कितीतरी जास्त असतो.

तर या मुलीसाठी तिसरी चिठ्ठी पाठवा, आणि शाळेने मागितला तर तिला तीन ओळींचा दाखला जोडा. पहिली एकटी पाठवू नका. फोटो जोडायचा असेल तर मलम लावण्याआधी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावा. चट्ट्याशेजारी कंपासपेटीतली पट्टी धरावी, म्हणजे आकार कळतो आणि दोन आठवड्यांनी तुलना करता येते. चेहरा, शाळेचा बिल्ला, नाव चौकटीत येऊ देऊ नये. चट्टा जांघेत किंवा कमरेखाली असेल तर फोटो अजिबात नाही. तिथे "कपड्याखाली झाकलेल्या जागी" एवढंच पुरे.

झाकणं सांगायला सोपं, पण पुण्याच्या पावसाळ्यात तेच बिघडतं. रेनकोटखाली बाही ओली होते आणि ओलसर कापड दिवसभर चट्ट्याला चिकटून राहतं, जे बुरशीला हवंच असतं. दप्तरात एक कोरडा शर्ट ठेवावा. अर्ध्या बाहीचाच गणवेश असेल तर पातळ गॉज आणि कागदी चिकटपट्टी लावावी. प्लॅस्टिकचं घट्ट आवरण नको, खाली घाम साचतो. कपडे दांडीवर दोन दिवस दमट राहतात, म्हणून आतल्या बाजूने गरम इस्त्री फिरवलेलीच बाही घालावी. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावावं. बुरशी बाहेरच्या दिशेने पसरत असते, नुसत्या मध्यावर लावून कड मोकळी सोडली तर रिंगण मोठं होत जातं.

आता तिसऱ्या चिठ्ठीतही एक वाक्य खोटं ठरू शकतं: "बुरशीविरोधी मलम लावत आहोत." मेडिकलमधून सांगून आणलेल्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ट्यूबवरचं बारीक छापील वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही असेल तर ती ट्यूब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नये. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती शेड्यूल एचमध्ये आणली, तरी काउंटरवर ती सहज मिळतात. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, फोटो सुंदर येतो. बुरशी मात्र पसरत राहते, कड पुसट होते, आणि मलम थांबवलं की चट्टा मोठ्या आकारात परत येतो. फोटोवर विसंबू नये याचं याहून ठोस कारण नाही.

चट्टा डोक्यात असेल तर ही चिठ्ठी जशीच्या तशी चालणार नाही. तिथे बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे मलम पोचत नाही. पोटातून औषध लागतं. ग्रिझिओफल्विन दिलं तर सहसा सहा ते आठ आठवडे, आणि ते दूध किंवा तूप असलेल्या जेवणाबरोबर, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ते नीट शोषलं जातं. जोडीला आठवड्यातून दोनदा कीटोकोनाझोलचा शांपू, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा, म्हणजे केसांतून झडणारे बुरशीचे कण कमी होतात. फोटोत डोक्याचं गजकर्ण बरेचदा कोंड्यासारखंच दिसतं. खरी खूण म्हणजे केस मुळाशी तुटून राहिलेले काळे ठिपके आणि विरळ झालेली जागा. यात शाळेला द्यायची वाक्यं बदलतात: "पोटातून औषध आणि शांपू अमुक तारखेला सुरू झाले. कंगवा, टोपी, स्कार्फ कोणाशी अदलाबदल करू देऊ नये. कुस्ती, ज्युदो १४ दिवस नाही." वर्गात बसायला मात्र उपचार सुरू झाल्यावर अडचण नाही. घरातल्या भावंडांची डोकीही त्याच आठवड्यात तपासून घ्यावीत.

चट्ट्यातून पाणी किंवा पू येत असेल, मधासारख्या पिवळट खपल्या धरल्या असतील, किंवा डोक्यावर मऊ, दुखरी सूज आली असेल, तर तिन्ही चिठ्ठ्या बाजूला ठेवाव्यात. तो जंतुसंसर्ग किंवा बुरशीचाच तीव्र प्रकार असू शकतो. परतीची तारीख तिथे पालकांनी ठरवायची नसते.

चौदा दिवसांनी पट्टी ठेवून दुसरा फोटो काढावा, पण शाळेसाठी नव्हे, डॉक्टरांसाठी. कड सपाट झाली असेल आणि रिंगण वाढलं नसेल तर औषध लागू पडतंय, डाग तपकिरी असला तरी. नवीन रिंगण उठलं असेल किंवा जुनं पट्टीवर मोठं भरत असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावं. भारतात टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणारी बुरशीही आढळते. अशा वेळी खपली खरवडून तपासायला सांगितली, तर आदल्या काही दिवसांत मलम किती लावलं ते सांगावं, नाहीतर तपासणीत बुरशी असूनही दिसत नाही. औषध बदललं तर बाईंना एकच ओळ पाठवावी: "औषध २१ जुलैपासून बदलले आहे, चट्टा झाकलेलाच राहील."