स्लाइडवरून पोस्टर: सहा महिने, चार पोस्टरं आणि एक फट

स्लाइडचं पोस्टर करायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, पॉवरपॉइंट पुरतं. फक्त जुन्या फाइलचाच आकार बदलू नका, सगळ्या चौकटी विस्कटतात. नवी फाइल उघडून `Design > Slide Size > Custom Slide Size` मध्ये रुंदी ८४.१ आणि उंची ११८.९ सेंमी टाका. हा उभा ए-झीरो.

ताजं उदाहरण ठाणे खाडीतल्या गाळाच्या नमुन्यांवरच्या १६ स्लाइडचं. विषयसूची, आभार आणि पूर्वसंशोधनाच्या स्लाइड थेट बाद. सहा आलेखांतले दोनच ठेवले. बोलताना जे तोंडाने सांगतो ते पोस्टरवर लिहायचा मोह होतो, म्हणून मजकूर अडीचशे शब्दांवर थांबवला. ‘निष्कर्ष’ या कोरड्या मथळ्याऐवजी निष्कर्षाचंच एक वाक्य मथळा झालं.

खरी कटकट वाचायच्या क्रमाची. स्लाइड एकामागून एक येतात, पोस्टरवर सगळं एकदम समोर. पहिल्या पोस्टरवर दोन रकाने होते आणि सगळीकडे सारखीच दोन सेंमी फट. लोक ‘प्रस्तावना’ वाचून खाली ‘पद्धती’कडे न जाता थेट उजवीकडच्या आलेखावर जात. उपाय म्हणून आकडे घातले, बाण घातले. तेव्हा बाणच हवेत असं ठाम मत होतं. आता ते मागे घेतो. नजर जवळच्या चौकटीकडे जाते, म्हणून रकान्यांमधली फट चौकटींमधल्या फटीच्या दुप्पट हवी. हिशेब असा: दोन्ही कडांना तीन-तीन सेंमी, रकाने ३७-३७ सेंमीचे, मध्ये ४.१ आणि खालीवर चौकटींत दोन. बाण काढले तरी क्रम चुकेना. मधली फट रिकामी दिसते म्हणून गाइडने तिथे लोगो टाकायला सांगितला, तर नम्रपणे नाही म्हणा.

अक्षर ३२ पॉइंट. तपासायला ए-फोरवर एक प्रिंट काढा: सगळं चौपट लहान होतं, अक्षर आठ पॉइंटचं. हातभर अंतरावरून ते वाचता आलं तर पोस्टर ठीक. दोन रुपयांत काम होतं. आलेख मात्र स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका. हजार पिक्सेलचा स्क्रीनशॉट ३७ सेंमीवर ताणला की इंचाला सत्तरच्या आसपास पिक्सेल उरतात आणि अक्षरं फुटतात. मूळ चार्टच कॉपी करा.

आता छपाई. फ्लेक्सवाले फुटांत बोलतात. ‘तीन बाय चार करून देतो’ याला हो म्हटलं आणि फसलो. ए-झीरो त्या मापात ताणला की रुंदी जवळपास नऊ टक्के वाढते, उंची अडीचच. पाय-चार्ट अंडाकृती झाला. पुन्हा छापायचे पैसे आपल्याच खिशातून, दुकानदार म्हणे ‘फाइलच तशी होती’. तेव्हापासून पीडीएफ देताना सांगतो: ३६ इंची रोलवर, मूळ मापात, उरलेला कागद कापून. कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ ठेवतो. प्रिंट हातात आली की पैसे द्यायच्या आधी पट्टी लावून ते आडवं-उभं मोजतो.