रस्ता एक, लेखाशीर्षं दोन: महसुली खर्च की भांडवली?

बारावीच्या अर्थशास्त्रात आणि बी.कॉम.ला 'सार्वजनिक वित्त' शिकताना व्याख्या पाठ होते: मालमत्ता निर्माण करणारा किंवा देणं कमी करणारा खर्च भांडवली, बाकीचा महसुली. व्याख्या बरोबर आहे. पण खर्चाची एक यादी समोर ठेवून प्रत्येक रक्कम कुठे टाकायची असं विचारलं, की निम्मा वर्ग अडखळतो. म्हणून व्याख्येपासून सुरुवात न करता एका रस्त्यापासून करू.

करवीर तालुक्यातला सहा किलोमीटरचा एक राज्यमार्ग धरा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. असे काही दिवस गेले की सखल भागातला रस्ता पाण्याखाली जातो. पूर ओसरल्यावर सार्वजनिक बांधकाम विभागाने दहा कोटींची कामं काढली. रस्ता आणि आकडे आपल्या उदाहरणापुरते आहेत, नियम मात्र खरे.

राज्याच्या अर्थसंकल्पात 'रस्ते व पूल' या विषयाला दोन प्रधान लेखाशीर्षं आहेत. ३०५४ महसुली, ५०५४ भांडवली. चार आकड्यांमधला पहिला आकडा बघायची सवय लावा: २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. बहुतेक ठिकाणी महसुली शीर्षात २००० मिळवले की त्याच विषयाचं भांडवली शीर्ष मिळतं. वैद्यकीय सेवा २२१० आणि ४२१०, शिक्षण २२०२ आणि ४२०२. ६ ने सुरू होणारी बहुतेक शीर्षं सरकारने दिलेल्या कर्जांची. ही विभागणी कुणाच्या सोयीची नाही. महसुली लेख्यावरचा खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवलाच पाहिजे, असं राज्यघटनेचे अनुच्छेद ११२ (केंद्रासाठी) आणि २०२ (राज्यासाठी) सांगतात.

आता आपली कामं:

| काम | रक्कम | महसुली (३०५४) | भांडवली (५०५४) |
|---|---|---|---|
| खड्डे बुजवणे, वाहून गेलेल्या साइडपट्ट्या भरणे | ४० लाख | ४० लाख | – |
| उखडलेला डांबरी थर पूर्वीइतकाच पुन्हा घालणे | १ कोटी ६० लाख | १ कोटी ६० लाख | – |
| सखल भागात भराव घालून रस्ता दीड मीटर उचलणे | ५ कोटी | – | ५ कोटी |
| भराव आणि रुंदीकरणासाठी भूसंपादन | १ कोटी ८० लाख | – | १ कोटी ८० लाख |
| कोसळलेल्या नळकांडी मोरीच्या जागी मोठी बॉक्स मोरी | १ कोटी २० लाख | ५० लाख | ७० लाख |
| एकूण | १० कोटी | २ कोटी ५० लाख | ७ कोटी ५० लाख |

पहिली ओळ कुणीही सांगेल. दुसऱ्या ओळीला मुलं हमखास चुकतात. दीड कोटीच्या वर रक्कम आहे, डांबर चार-पाच वर्षं टिकणार आहे, म्हणून भांडवली असं उत्तर येतं. पण रक्कम मोठी असणं ही कसोटीच नाही. नुसतं टिकणंही पुरत नाही. सरकारी लेखा नियमांची कसोटी अशी: ठोस, भरीव आणि कायम स्वरूपाची मालमत्ता *वाढली* का? थर पूर्वी जेवढा होता तेवढाच परत घातला, तर रस्ता होता त्या स्थितीला आला. त्यात भर पडली नाही. उचललेल्या रस्त्याचं तसं नाही. पुढच्या पुरात त्यावरची वाहतूक चालू राहील, म्हणजे आधी नसलेली क्षमता आली. भूसंपादनही त्याच कामाचा भाग असल्याने भांडवलीच. जमिनीचे पैसे आणि बांधकामाचे पैसे वेगळ्या बाजूंना टाकायचे नसतात.

मोरीची ओळ सगळ्यात रंजक. पुरासारख्या असाधारण आपत्तीतल्या नुकसानीबद्दल नियमात मुद्दाम तरतूद आहे: दुरुस्तीचा खर्च परिस्थितीनुसार भांडवली, महसुली किंवा दोन्हींत वाटून दाखवता येतो. नवी मालमत्ता झाली की फक्त जुनीची स्थिती परत आली, हे बघून सरकार ते ठरवतं. पूर्वीसारखीच नळकांडी मोरी बांधायला ५० लाख लागले असते, तर तेवढी रक्कम पूर्ववत करण्याची आणि वरचे ७० लाख वाढीव क्षमतेचे, अशी वाटणी तर्काला धरून आहे. परीक्षेत अशी वाटणी केलीत तर तिचा आधार एका ओळीत लिहा. आधार न लिहिता नुसते आकडे टाकले तर ते अंदाजपंचे दाहोदरसे वाटतात.

रस्ता उचलण्याचं काम चालू आहे, वाहतूक सुरू झालेली नाही आणि मधल्या पावसात भराव खचू नये म्हणून काही लाख खर्च झाले, तर ते कुठे जातील? देखभाल हा शब्द दिसला की हात ३०५४ कडे जातो. पण काम वापरात येईपर्यंतची देखभाल त्या कामाच्याच किमतीत, म्हणजे भांडवलीत धरली जाते. रस्ता खुला झाला की त्यानंतरचा प्रत्येक खड्डा महसुली.

एवढी काटेकोर विभागणी कशासाठी? एकूण दहा कोटी जाणारच आहेत की! उत्तर तुटीच्या हिशेबात आहे. सोयीसाठी एक छोटं राज्य घेऊ. महसुली जमा १०० कोटी. महसुली खर्च १०४ कोटी, त्यात आपले अडीच कोटी आले. भांडवली खर्च १५ कोटी, त्यात आपले साडेसात. कर्जाशिवायची भांडवली जमा शून्य माना. महसुली तूट ४ कोटी आणि राजकोषीय तूट १९ कोटी.

आता कुणीतरी दहाच्या दहा कोटी ५०५४ मध्ये टाकले. महसुली खर्च १०१.५ कोटी झाला, भांडवली १७.५ कोटी. महसुली तूट ४ वरून दीड कोटीवर उतरली, राजकोषीय तूट मात्र १९ ची १९ कोटी. कर्ज तेवढंच काढावं लागणार, पण कागदावर राज्य चालू खर्चासाठी कमी आणि मालमत्तेसाठी जास्त उसनवारी करतंय असं दिसणार. म्हणूनच चुकीचं वर्गीकरण बऱ्याचदा या दिशेने झुकतं. महालेखापरीक्षक राज्यांच्या वित्तविषयक अहवालांत नेमकं हेच तपासतात: भांडवली शीर्षाखाली 'लहान बांधकामे' किंवा 'सहायक अनुदाने' दिसतात का, महसुली शीर्षाखाली 'मोठी बांधकामे' दिसतात का. तुम्हालाही प्रकल्पासाठी अर्थसंकल्पाचं पुस्तक चाळायचं असेल तर हाच सोपा मार्ग. प्रधान शीर्षाचा पहिला आकडा आणि सर्वात खालच्या ओळीतलं खर्चाचं उद्दिष्ट एकमेकांशी जुळतात का ते बघा.

'सहायक अनुदाने' हा शब्द आला आहे, तर तिथे थांबायला हवं, कारण पाठ्यपुस्तकाची व्याख्या इथे उघडी पडते. राज्य शासनाने कोल्हापूर महानगरपालिकेला शहरातल्या नव्या रस्त्यासाठी पाच कोटींचं अनुदान दिलं असं समजा. रस्ता नवा, कायमचा, ठोस. तरीही राज्याच्या पुस्तकात हे पाच कोटी महसुली खर्च आहेत, कारण तयार होणारा रस्ता महापालिकेच्या मालकीचा आहे, राज्याच्या मालमत्तेत काहीच वाढलं नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात मात्र त्याच पाच कोटींचा रस्ता भांडवली बाजूला दिसेल. एकच रुपया, दोन पुस्तकं, दोन जागा. आणि दोन्ही बरोबर. प्रश्नात खर्च *कुणाचा* हे लिहिलेलं नसेल, तर उत्तरात तुम्ही ते गृहीत धरून स्पष्ट लिहा.

केंद्रात ही रक्कम किती मोठी होते बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात केंद्राचा भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी रुपये होता. राज्यांना आणि इतर संस्थांना मालमत्ता उभारण्यासाठी दिलेली ४.२७ लाख कोटींची अनुदानं महसुली खर्चात होती. ही मिळवून जो आकडा येतो, १५.४८ लाख कोटी, त्याला 'प्रभावी भांडवली खर्च' म्हणतात. बातमीत कधी ११ लाख कोटी आणि कधी १५ लाख कोटी का छापतात, याचं उत्तर एवढंच. तुलना करताना दोन वर्षांचे आकडे एकाच जातीचे आहेत ना, एवढं पाहा.

आणि तोच पैसा अनुदानाऐवजी कर्जाऊ दिला तर? केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. ते केंद्राच्या भांडवली खर्चात मोडतं, कारण परत येणारी रक्कम ही केंद्राची मालमत्ता. बिनव्याजी आहे म्हणून ते अनुदान होत नाही.

कर्ज फेडताना दोन तुकडे करा. व्याज महसुली, मुद्दल भांडवली बाजूला, कारण देणं कमी झालं. मात्र राजकोषीय तूट काढताना मुद्दलाची परतफेड एकूण खर्चात धरत नाहीत. हा अपवाद बहुपर्यायी प्रश्नात आवडीने विचारला जातो.

कॉमर्सच्या मुलांची आणखी एक अडचण म्हणजे फायनान्शियल अकाउंटिंगची सवय. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीने इंडक्शन फर्नेस घेतली, तर तिची किंमत, वाहतूक, बसवण्याचा खर्च सगळं भांडवली. ठरावीक वेळा धातू वितळवल्यावर आतलं लायनिंग नव्याने भरणं महसुली. इथपर्यंत रस्ता आणि फर्नेस सारखेच. पण फाउंड्री दरवर्षी घसारा काढून फर्नेसचा काही भाग नफा-तोट्यात नेते. केंद्र आणि राज्याचा अर्थसंकल्प रोख तत्त्वावर चालतो, त्यात घसारा नाही. उचललेल्या रस्त्याचे पाच कोटी ज्या वर्षी दिले त्या वर्षी पूर्ण दिसतात, पुढच्या वर्षांच्या महसुली खर्चात त्यांचा मागमूस नसतो. म्हणून उत्तरात 'घसारा महसुली खर्चात धरला' असं लिहिलंत, तर तुम्ही कंपनीचा नियम सरकारला लावलात.

शेवटी एक मत. महसुली म्हणजे उधळपट्टी आणि भांडवली म्हणजे विकास, अशी मांडणी निबंधांत फार दिसते आणि ती चुकीची आहे. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाची नवी इमारत ४२१० मधून उभी राहते, पण परिचारिकांचे पगार, औषधं, वीजबिल २२१० मधून जातं. दुसरी तरतूद नसेल तर पहिलीतून उभ्या राहिलेल्या इमारतीत रुग्णावर उपचार होत नाहीत. रस्त्याचंही तेच: नवा उचललेला रस्ता ३०५४ मधला पैसा मिळाला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत खचायला लागतो. अर्थसंकल्पावर टिप्पणी लिहायची असेल तर भांडवली खर्च किती वाढला याच्या शेजारी देखभालीची तरतूद किती ठेवली तेही लिहा.