सेमिस्टरची सरासरी की क्रेडिटचा हिशेब: फॉर्मवर कोणता सीजीपीए लिहायचा?

नागपुरात निकालानंतर सीताबर्डीवर फॉर्म भरायला जमलेल्या मुलांच्या हातात आठ सेमिस्टरची ग्रेडकार्डं असतात आणि फॉर्मवर एकच रकाना असतो, सीजीपीएचा. ग्रेडकार्डवर तो छापलेला असेल तर तोच लिहावा. छापलेला नसेल तर दोन रस्ते उरतात. आठ एसजीपीए मिळवून आठाने भागायचं, किंवा प्रत्येक एसजीपीए त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणून, बेरीज करून, एकूण क्रेडिटने भागायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या क्रेडिट पद्धतीत सीजीपीएसाठी यातली दुसरी पद्धतच दिलेली आहे. तरी पहिली पद्धत टिकून आहे, कारण ती बऱ्याचदा जवळजवळ बरोबर येते. माझा आक्षेप नेमका त्या ‘जवळजवळ’ला आहे.

अभियांत्रिकीचं १६० क्रेडिटचं एक नमुना उदाहरण घेऊ. क्रेडिटची वाटणी कॉलेजागणिक बदलते. पण मधली सेमिस्टर जड आणि प्रोजेक्ट-इंटर्नशिपचं शेवटचं सेमिस्टर हलकं, ही रचना पुष्कळ ठिकाणी दिसते.

| सेमिस्टर | क्रेडिट | एसजीपीए | गुणाकार (क्रेडिट पॉइंट) |
|---|---|---|---|
| १ | २० | ७.६० | १५२ |
| २ | २० | ७.४० | १४८ |
| ३ | २४ | ६.७१ | १६१ |
| ४ | २४ | ६.५८ | १५८ |
| ५ | २२ | ७.०० | १५४ |
| ६ | २२ | ७.१८ | १५८ |
| ७ | १६ | ८.३१ | १३३ |
| ८ | १२ | ९.२५ | १११ |

एसजीपीएंची बेरीज ६०.०३, भागिले आठ, म्हणजे ७.५०. क्रेडिट पॉइंटची बेरीज ११७५, भागिले १६०, म्हणजे ७.३४. फरक ०.१६ चा. साडेसातचा कटऑफ असेल तर एका हिशेबाने मुलगा आत आहे, दुसऱ्याने बाहेर. टक्केवारीचं सूत्र सीजीपीएला दहाने गुणणारं असेल तर हाच फरक १.६ टक्क्यांचा होतो.

हा फरक कुठून आला ते उलगडून पाहता येतं. इथे सेमिस्टरमागे सरासरी २० क्रेडिट आहेत. प्रत्येक सेमिस्टरसाठी दोन गोष्टी बघायच्या: क्रेडिट २० पासून किती दूर आहेत, आणि एसजीपीए साडेसातपासून किती दूर आहे. दोन्हींचा गुणाकार करून सगळे मिळवायचे आणि १६० ने भागायचं. पहिल्या दोन सेमिस्टरचे क्रेडिट बरोबर २० आहेत, त्यामुळे त्यांचा वाटा शून्य. आठव्यात क्रेडिट आठने कमी आणि एसजीपीए १.७५ ने जास्त, म्हणून तिथे उणे १४. सगळ्यांची बेरीज उणे २५.७ च्या आसपास जाते. म्हणजे निम्म्याहून जास्त तफावत एकट्या आठव्या सेमिस्टरची आहे. साध्या सरासरीत १२ क्रेडिटच्या त्या सेमिस्टरला २४ क्रेडिटच्या तिसऱ्याइतकंच वजन मिळतं, आणि आकडा फुगतो.

यावरून फरक कधी पडणार नाही हेही कळतं. दर सेमिस्टरला सारखेच क्रेडिट असतील तर दोन्ही उत्तरं जुळतात, फार तर शेवटच्या दशांशात थोडं इकडेतिकडे होतं. क्रेडिट वेगवेगळे असूनही एसजीपीए जवळपास सारखाच राहिला, तरीही जुळतात. चार सेमिस्टरच्या, समान क्रेडिटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात साधी सरासरी खुशाल वापरावी. तिथे गुणाकारात वेळ घालवण्यात काही हशील नाही. तफावत वाढते ती क्रेडिट आणि एसजीपीए दोन्ही हलतात आणि एकमेकांच्या उलट दिशेने हलतात तेव्हा. दोन्ही एकाच दिशेने हलले, म्हणजे जड सेमिस्टरमध्ये चांगले ग्रेड आणि प्रोजेक्टमध्ये कमी, तर साधी सरासरी उलट कमी आकडा दाखवते आणि विद्यार्थी स्वतःच स्वतःचं नुकसान करून घेतो.

माझ्यापुरता निकाल लावला तो मात्र एका वेगळ्याच त्रासाने. ही चूक योग्य वेळी दिसतच नाही. वरच्याच उदाहरणात सहा सेमिस्टरनंतर थांबून पाहा. साधी सरासरी ७.०८, क्रेडिटचा हिशेब ७.०५. फरक ०.०३. कॅम्पस ड्राइव्हचे फॉर्म याच सुमारास भरले जातात, तेव्हा कोणी अडवत नाही, आणि ‘आपली पद्धत चालते’ असा विश्वास बसतो. सातव्यानंतर ७.२५ आणि ७.१९. आठव्यानंतर एकदम ७.५० आणि ७.३४. नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या फॉर्मवर तोच हात चालतो, आणि कागदपत्रं तपासताना ट्रान्सक्रिप्टवरचा आकडा वेगळा निघतो. तपासणाऱ्याला ती गणिताची चूक वाटेलच असं नाही. त्याला फुगवलेला आकडा दिसतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तर जास्तच जपावं. त्यांचा सीजीपीए सहसा तिसऱ्या सेमिस्टरपासूनच मोजतात. तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी काढल्या की ८७५ भागिले १२०, म्हणजे ७.२९, साधी सरासरी मात्र साडेसातवरच राहते. सरासरीइतक्या क्रेडिटची सेमिस्टर गेली, जड आणि हलकी उरली, म्हणून फरक ०.२१ पर्यंत गेला.

बॅकलॉगचं प्रकरण फसवं आहे. समजा तिसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचा एक पेपर राहिला होता आणि नंतर बी ग्रेडने, म्हणजे सहा पॉइंटने, निघाला. पहिल्या ग्रेडकार्डवर त्या पेपरचे पॉइंट शून्य धरलेले असतील तर एसजीपीए १३७ भागिले २४, म्हणजे ५.७१ होता, सुधारित कार्डवर तो ६.७१ आहे. कोणी चुकून जुनं कार्ड घेऊन साधी सरासरी काढली तर ७.३८ येतं, खऱ्या ७.३४ च्या अगदी जवळ. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि हिशेब बरोबर असल्याचा भास होतो. म्हणून आधी प्रत्येक सेमिस्टरचं सुधारित ग्रेडकार्ड समोर ठेवावं. ज्या विषयाला ग्रेड पॉइंट नाहीत, फक्त ‘उत्तीर्ण’ असा शेरा आहे, त्याचे क्रेडिट भाजकात धरायचे की नाही हे आपल्या विद्यापीठाच्या नियमात पाहावं. एसजीपीए काढताना ते धरले नसतील तर सीजीपीएतही धरू नयेत.

स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात क्रेडिट आणि C रकान्यात एसजीपीए भरले की दोन्ही उत्तरं शेजारी दिसतात:

```
=AVERAGE(C2:C9)
=SUMPRODUCT(B2:B9,C2:C9)/SUM(B2:B9)
```

छापलेला एसजीपीए दोन दशांशांपर्यंतचा असतो, त्यामुळे दुसऱ्या ओळीचं उत्तर खऱ्या आकड्यापासून जास्तीत जास्त ०.००५ ने हलू शकतं. ट्रान्सक्रिप्टशी ०.०१ पेक्षा जास्त फरक आला तर तो दशांशाचा नाही. बहुधा जुनं ग्रेडकार्ड घेतलेलं असतं, एखाद्या सेमिस्टरचे क्रेडिट चुकीचे टाकलेले असतात, किंवा ग्रेड नसलेला विषय भाजकात शिरलेला असतो, आणि तपासणी त्याच क्रमाने केली की तो सापडतो.