एका पार्टमध्ये अनेक बॉडी: `Combine` आठ महिने वापरल्यानंतर

कोल्हापुरात फाउंड्रीसाठी कास्टिंगची डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी सॉलिडवर्क्समध्ये सगळं एकाच बॉडीत करायचो. पाइप काढला, त्याला बोअर पाडला, मग फ्लँज, मग बॉस, मग पाय. दर वेळी एकच त्रास व्हायचा. नंतर जोडलेला बॉस किंवा पाय आधी पाडलेल्या बोअरच्या आत घुसायचा, तो कापायला आणखी एक कट घ्यावा लागायचा, आणि माप बदललं की तो कट तुटायचा. आता वेगवेगळे घन एकाच फाइलमध्ये सुटे ठेवतो आणि शेवटी `Combine` ने त्यांची बेरीज-वजाबाकी करतो. या पद्धतीने मला काय मिळालं आणि कुठे अडकलो, ते एका जॉबच्या आधारे लिहितोय.

जॉब साधा आहे. ग्रे आयर्नचा ९० अंशांचा बेंड, दोन्ही टोकांना फ्लँज, खाली एक पाय आणि बाजूला ड्रेनसाठी एक बॉस. पाइपचा बाहेरचा व्यास ८०, आतला ६४, म्हणजे भिंत ८ मिमी. बेंडची मध्यरेषेची त्रिज्या १००, पुढे दोन्ही बाजूंना ४० मिमी सरळ भाग. फ्लँज १५० व्यासाची, तयार जाडी १६, त्यावर मशिनिंगसाठी ३ मिमी, म्हणजे कच्ची १९. ती त्या ४० मध्येच धरलेली आहे. पाय आणि बॉस धरून कास्टिंगचं वजन सुमारे ७ किलो भरतं.

मी या जॉबसाठी दोनच मुख्य घन केले. पहिला म्हणजे बाहेरचा आकार, पूर्ण भरीव, आत भोक नाही. दुसरा म्हणजे कोअर, ओतताना आतली पोकळी राखणारा गाभा: ६४ व्यासाचा वाकडा दंडगोल, जो दोन्ही टोकांना फ्लँजच्या बाहेर ३० मिमी जातो. ही बाहेरची टोकं साच्यात टेकतात, तेच कोअर प्रिंट. हा दुसरा स्वीप करताना `Merge result` ची खूण काढायची. ती राहिली तर कोअर मुकाट्याने बाहेरच्या घनात विरघळून जातो. फीचरच्या झाडात वर `Solid Bodies` नावाचं फोल्डर असतं आणि त्यापुढे कंसात संख्या असते. त्या संख्येकडे बघण्याची सवय लावून घ्या. २ अपेक्षित असताना १ दिसला तर तिथेच थांबा.

आता खरी गंमत. `Insert > Features > Combine` मध्ये तीन पर्याय आहेत: `Add`, `Subtract`, `Common`. (फ्यूजनमध्ये त्यांनाच `Join`, `Cut`, `Intersect` म्हणतात.) बाहेरच्या घनातून कोअर वजा केला की कास्टिंग मिळतं. त्याच दोन घनांची बेरीज केली की लाकडी किंवा अॅल्युमिनियमचं पॅटर्न मिळतं, कारण पॅटर्न म्हणजे भरीव बाहेरचा आकार आणि बाहेर डोकावणारे दोन प्रिंट. आणि एका चौकोनी ठोकळ्यातून कोअर वजा करून तो ठोकळा बेंडच्या प्रतलात `Split` ने दुभागला की कोअर बनवायच्या साच्याचे, म्हणजे कोअर बॉक्सचे, दोन अर्धे भाग मिळतात. पूर्वी या तिन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या फाइलमध्ये काढायचो आणि ग्राहकाने बोअर ६४ चा ६६ केला की तीन ठिकाणी हात घालावा लागायचा. आता एका स्केचमधला आकडा बदलतो.

यात एक अडचण आहे. वजाबाकी झाली की वजा केलेली बॉडी संपते, यादीतून जाते. म्हणून आधी `Move/Copy Bodies` ने प्रती काढून ठेवाव्या लागतात. त्यात `Copy` वर खूण करायची आणि अंतर शून्य ठेवायचं. हलवलं नाही, चालेल का, असं ते विचारतं, हो म्हणायचं. या जॉबला बाहेरच्या घनाचे दोन आणि कोअरचे चार नग लागले: कास्टिंगसाठी, पॅटर्नसाठी, बॉक्ससाठी आणि एक कोअर स्वतः. शेवटी यादीत ५ बॉडी उरतात: कास्टिंग, पॅटर्न, बॉक्सचे दोन भाग आणि कोअर. प्रत्येकीला नाव द्या. सुरुवातीला मी दिलं नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी कुठला कोअर कशासाठी हे मलाच कळेना. फ्यूजनमध्ये `Keep Tools` ही खूण आहे, तिने हे काम सोपं होतं.

क्रम कसा ठेवायचा हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. दोन सुट्या बॉडींच्या सांध्यावर फिलेट देता येत नाही, कारण `Add` होईपर्यंत तिथे दोघांची मिळून एक कडाच नसते. म्हणून आधी पाइप, फ्लँज, पाय आणि बॉस यांची बेरीज, मग सांध्यांवर ६ मिमीचे फिलेट, मग प्रती, आणि कोअरची वजाबाकी सर्वांत शेवटी. कोअर शेवटी वजा होत असल्यामुळे पाय आणि बॉस पाइपच्या आत कितीही खोल घुसवा, बोअर स्वच्छच राहतो. आतल्या कोपऱ्यांच्या गोलाया मात्र कोअरवरच द्यायच्या. इथे डोकं उलटं चालवावं लागतं. कोअरची बाहेरची कड गोल केली की कास्टिंगचा आतला कोपरा गोल होतो.

घुसवण्यावरून आठवलं. पहिल्यांदा मी पायाचं सपाट तोंड पाइपला नुसतं टेकवलं होतं. दंडगोलाला सपाट पृष्ठ टेकलं की दोघे फक्त एका रेषेवर भेटतात, आणि त्या रेषेला जाडी शून्य. बेरीज होत नाही, शून्य जाडीची तक्रार येते. हा सॉफ्टवेअरचा हट्ट नाही. तसा घन प्रत्यक्षात ओतताच येणार नाही. पाय ५ मिमी आत सरकवला की काम झालं. वजाबाकीतही तेच पथ्य: वजा करायच्या घनाचं तोंड मुख्य घनाच्या तोंडाशी अगदी समतल ठेवू नये, थोडं बाहेर जाऊ द्यावं. आमच्या कामात कोअर प्रिंट बाहेर असतातच, त्यामुळे हे आपोआप सांभाळलं जातं.

`Common` मी सुरुवातीला निरुपयोगी समजत होतो, पायाने मत बदललं. पाय बाजूने बघितला तर १२ मिमी जाडीचा, वाकून खाली येणारा. समोरून बघितला तर खाली ७० मिमी रुंद आणि वर ४० मिमी. एका स्केचमधून हा आकार निघत नाही. बाजूचं दृश्य रुंदीच्या दिशेत लांब एक्स्ट्रूड केलं, समोरचं दृश्य त्याला काटकोनात एक्स्ट्रूड केलं, दोन्ही सुट्या बॉडी, आणि `Common` घेतला. दोघांना सामाईक तेवढंच उरलं आणि तो नेमका पाय होता. मर्यादा एवढीच की आकार त्या दोन छायांपुरताच असतो, कडा धारदार येतात आणि फिलेट नंतर द्यावे लागतात.

आता ज्या गोष्टीमुळे मी ही पद्धत सोडणार नाही ती सांगतो. वजाबाकी बरोबर झाली का, हे हाताने तपासता येतं. कोअरचा छेद ३२१७ चौरस मिमी. मध्यरेषेची लांबी बेंडमध्ये १५७.१ आणि सरळ भागात ८०, एकूण २३७.१. गुणाकार ७६२.७ घन सेंमी. `Mass Properties` मध्ये वजाबाकीच्या आधीचं आणि नंतरचं घनफळ बघायचं. फरक एवढाच यायला हवा. माझा फरक आला ७६९.६. पडद्यावर सगळं छान दिसत होतं, कुठली चूक दाखवली जात नव्हती. शोधल्यावर सापडलं: कोअरचा मार्ग मी वेगळ्या स्केचमध्ये काढला होता आणि त्यात बेंडची त्रिज्या १०० ऐवजी ९५ पडली होती. टोकं तीच, म्हणून फ्लँजकडून बघताना कळत नव्हतं. पण बेंडच्या मधोमध कोअर सुमारे २ मिमी बाहेरच्या बाजूला सरकला होता, म्हणजे एका बाजूची भिंत ६ आणि दुसरीकडची १०. हे कास्टिंग ओतलं असतं तर ती ६ मिमीची भिंत कापून बघितल्याशिवाय दिसली नसती. तेव्हापासून दोन्ही स्वीप एकाच मार्गाच्या स्केचवरून घेतो. तरीही बेंडच्या प्रतलात सेक्शन काढून भिंत मोजतो, कारण कोअर आहे तेवढाच राहून आडवा सरकला आणि धातूच्या आतच राहिला, तर घनफळाचा फरक तोच येतो.

आकुंचनाचंही सांगतो. ग्रे आयर्नला आम्ही साधारण १ टक्का धरतो, म्हणून पॅटर्न, कोअर आणि बॉक्स यांना `Scale` ने १.०१ करतो. कास्टिंगची बॉडी मूळ मापाची ठेवतो, ड्रॉइंग तिच्यावरून निघतं. मोठं करताना केंद्र `Origin` ठेवा आणि सगळ्या बॉडी एकाच वेळी निवडा. प्रत्येक बॉडी वेगळी, आपापल्या गुरुत्वमध्याभोवती वाढवली तर त्या एकमेकींपासून सरकतात आणि प्रिंट जुळत नाहीत. पॅटर्नवरच्या प्रिंटची तोंडं कोअरपेक्षा अर्धा मिमी मोठी करणं हे वेगळं काम, ते बेरजेनंतर हाताने.

एकदा मात्र नुकसान झालं. मशिनिंगचं ड्रॉइंग करण्यासाठी फ्लँजच्या तोंडावरून ३ मिमीचा कट घेतला आणि `Feature Scope` बघितला नाही. तो कट कोअरवरही चालला आणि प्रिंटचे तुकडे झाले. कोअरची फाइल बॉक्स बनवणाऱ्याकडे गेली, तेव्हा कळलं. आता कट घेताना आपोआप निवडीची खूण काढून नेमकी एकच बॉडी निवडतो, आणि यादीतली संख्या वाढली का ते बघतो. फाइल बाहेर पाठवतानाही हीच काळजी. सगळा पार्ट स्टेपमध्ये काढला तर पाचही बॉडी एकमेकींत अडकलेल्या जातात. हवी ती बॉडी उजव्या क्लिकने `Insert into New Part` करून तेवढीच पाठवतो. मूळ फाइल बदलली की ती नवी फाइलही बदलते.

हलणारे भाग, नट-बोल्ट, एकापेक्षा जास्त नग असलेलं काही असेल तर मी अजूनही असेंब्लीच करतो. सुट्या बॉडींना हालचाल देता येत नाही आणि त्यांची वेगळी पार्ट लिस्ट ठेवणं त्रासाचं होतं. पण ओतीव कामात, जिथे एका वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू दडलेली असते, तिथे मी आता कोअरपासूनच सुरुवात करतो आणि बाहेरचा आकार त्याच्याभोवती नंतर उभा करतो.